रात्रीच्या गाडीचा दिवस कोणता? युरेलचा फ्लेक्सी पास आणि सलग पास

दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटणाऱ्या तुतारीने आपल्याकडच्या अनेक घरांना तारखेचा धडा शिकवलेला आहे. तिकिटावर 5 तारीख असेल तर 4 तारखेच्या रात्रीच जेवून दादर गाठावे लागते, आणि जो 5 तारखेच्या रात्री बॅग घेऊन पोहोचतो त्याची गाडी तोवर सावंतवाडीला जाऊनही बसलेली असते. युरोपच्या रेल्वे पासाचा हिशेब याच जातीचा आहे. फरक इतकाच की तिथे चुकले तर गाडी सुटत नाही, पासातला एक दिवस जातो, आणि तो गेल्याचे बहुधा प्रवासाच्या शेवटी लक्षात येते.

माझे आतेभाऊ आणि वहिनी येत्या सप्टेंबरात चिपळूणहून निघणार आहेत. महिनाभरात कोणतेही पाच दिवस वापरता येणारा फ्लेक्सी पास घ्यावा की पंधरा दिवसांचा सलग पास, असे त्यांनी मला विचारले. मी स्वतः ही निवड एकदा केलेली असल्यामुळे जे त्यांना सांगितले तेच येथे लिहीत आहे. बर्थच्या आरक्षणाचे पैसे दोन्ही पासांत वेगळेच भरावे लागतात, त्यामुळे तो मुद्दा निवडीत धरण्याचे कारण नाही.

फ्लेक्सी पासाचा प्रवासदिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्रीच संपतो. त्या चोवीस तासांत कितीही गाड्यांत बसता येते. रात्रीच्या थेट गाडीला मात्र सवलत आहे: तुम्ही मध्यरात्रीपूर्वी चढलात आणि सकाळी त्याच गाडीतून उतरलात, तर फक्त चढण्याच्या तारखेचा दिवस मोजला जातो. उतरण्याची तारीख फुकट मिळते, पण ती केवळ उतरण्यापुरती. फलाटावर पाय ठेवल्यानंतर त्याच पासावर दुसऱ्या कोणत्याही गाडीत बसलात, मग ती दहा मिनिटांची लोकल का असेना, की नवा दिवस खर्ची पडतो. जुन्या प्रवाशांकडून ‘संध्याकाळी सातनंतर सुटणारी गाडी दुसऱ्या दिवसात धरतात’ असे अजूनही ऐकू येते. तो नियम पूर्वी खरोखरच होता, आता नाही. त्याच्या भरवशावर आखलेला कार्यक्रम बरोबर उलटा पडतो.

माझे नेमके इथेच चुकले. आमचा बेत असा होता: 4 सप्टेंबरला पॅरिसहून झुरिक, 7 तारखेला रात्री झुरिकहून व्हिएन्ना, पुढे ब्रातिस्लाव्हा, 11 ला बुडापेस्ट, 14 ला प्राग आणि 17 ला बर्लिन. झुरिकहून रात्री दहाच्या आत सुटलेली गाडी आठच्या सुमारास व्हिएन्नाला पोहोचली, आम्ही स्टेशनवर कॉफी घेतली आणि तासाभराच्या अंतरावरच्या ब्रातिस्लाव्हाची गाडी पकडण्यासाठी पासाच्या अ‍ॅपमध्ये तो प्रवास भरला. अ‍ॅपने नवा प्रवासदिवस सुरू करायचा का, असे विचारले. रात्रभराच्या अर्धवट झोपेनंतर असल्या प्रश्नाला माणूस जे करतो तेच मी केले, ‘हो’ म्हटले. रत्नागिरीहून चिपळूणला जाण्याइतक्या प्रवासाला आम्ही पाचांतला एक अख्खा दिवस दिला. बोटांवर मोजून पाहा: पॅरिस–झुरिक एक, झुरिकची रात्र दोन, ब्रातिस्लाव्हा तीन, बुडापेस्ट चार, प्राग पाच. प्राग–बर्लिनची तिकिटे ऐनवेळी खिशातून काढावी लागली. त्या सकाळी खिडकीवर ब्रातिस्लाव्हाचे साधे तिकीट घेतले असते, तर पाच दिवस बर्लिनपर्यंत बरोबर पुरले असते. पासाच्या किमतीला दिवसांच्या संख्येने भागले तर एका दिवसाचा जो भाव निघतो, तो त्या तिकिटाच्या कितीतरी पट होता.

सलग पास असता तर हा सगळा जमाखर्च करावाच लागला नसता, हे मान्य केले पाहिजे. 4 तारखेपासून 18 तारखेपर्यंत मध्यरात्र कितीही वेळा ओलांडली तरी त्याला सोयरसुतक नसते. सकाळी उतरून लोकलने मुक्कामी जा, दुपारी शेजारच्या गावी जाऊन या, कोणी मोजत नाही. त्याला मध्यरात्र फक्त दोन्ही टोकांना आडवी येते. पास सुरू होण्याच्या आदल्या रात्री सुटणारी गाडी त्यात बसत नाही, आणि शेवटच्या रात्री निघून पास संपल्यावर पोहोचणारी गाडी धरण्याच्या फंदात मी तरी पडणार नाही. जे रोज किंवा एक दिवसाआड गाडीत बसणार आहेत, त्यांना हाच पास सोयीचा वाटेल आणि त्यात चूक काही नाही. पण आमच्यासारखी माणसे एका गावी दोन-तीन रात्री राहतात, आणि त्या पंधरांतले नऊ-दहा दिवस पास नुसता फोनमध्ये पडून राहतो. पाच दिवसांच्या पासापेक्षा त्याची किंमत बरीच जास्त असते, ती त्या पडून राहण्याचीही असते.

म्हणून माझा कल, एकदा हात पोळूनही, फ्लेक्सीकडेच आहे. अट एकच, रात्रीच्या गाडीभोवतीचे दोन दिवस कागदावर मांडून पाहावेत. चढण्याचा दिवस तसाही खर्च होणारच असतो, तर तो भरून वापरावा. आम्ही 7 तारखेला सकाळी झुरिकहून पाऊण तासावरच्या ल्युसर्नला जाऊन आलो आणि रात्री गाडीत बसलो. हे सगळे एकाच दिवसात बसले, आणि एवढी एक गोष्ट तरी आमची बरोबर जमली. उतरण्याचा दिवस मात्र पासापुरता उपासाचा समजावा. त्या दिवशी पायी, ट्रामने किंवा वेगळ्या तिकिटावर फिरावे आणि पुढचा लांबचा टप्पा दुसऱ्या तारखेवर ढकलावा.

गाडी खरोखर थेट आहे ना, हेही पाहावे लागते. पहाटे चारला मधल्या स्टेशनवर गाडी बदलायची असेल तर रात्रीची सवलत तिथेच संपते आणि दुसरी गाडी दुसऱ्या दिवसात जाते. वेळापत्रकात असा प्रवास एकाच ओळीत दिसतो, त्यामुळे फसायला होते. अ‍ॅपमध्ये प्रवास भरल्यावर, दिवस सुरू करण्याआधी, किती प्रवासदिवस लागणार ते दिसते. एका रात्रीला दोन दिवस दिसले की मध्ये कुठेतरी बदल आहे असे समजावे.

आता तुतारीकडे परत यायचे तर, मध्यरात्रीनंतर चढणाऱ्याचा हिशेब उलटा आणि खरे तर फायद्याचा होतो. व्हेनिसकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत तुम्ही साल्झबर्गला एक-दीडच्या सुमारास चढलात, तर चढण्याची तारीख तीच नवी तारीख असते. मग सकाळी व्हेनिसला उतरून दुपारी फ्लॉरेन्सला गेलात तरी दिवस एकच जातो. वहिनींना हे मी फार उत्साहाने समजावून सांगितले. दादरच्या फलाटावर सामानावर बसून बारा-पाचची वाट पाहण्याचे काम त्यांनी वीस वर्षे केले आहे. ‘भाऊजी, एक दिवस गेला तरी चालेल,’ असे म्हणून त्यांनी तो कागद मला परत दिला.