टेबलं ‘पब्लिकेशन-रेडी’ करून देतो म्हणून ९,५०० रुपये घेतले, आणि माझे आकडेच बदलून दिले

हे लिहायला लाज वाटते आहे. माझं वय ३८ आहे, मी कॉलेजात शिकवते, एम.एस्सी.च्या मुलांना प्रॅक्टिकलचे आकडे नीट लिहा म्हणून ओरडते. तरीही फसले. कृषीच्या पीएच.डी.ची मुलं दरवर्षी याच दिवसांत थीसिसच्या धावपळीत असतात आणि तो माणूस अजून नागपुरात धंदा करतो आहे, म्हणून लिहिते.

माझ्या थीसिसचा प्रयोग काटोलकडच्या एका संत्रा बागेत होता. आंबिया बहार, सात ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन, आर.बी.डी. ॲनालिसिस मी स्वतः एक्सेलमध्ये केलं होतं. ते बरोबर होतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर सगळ्यांनी मलाच विचारलं की तुम्हाला येत नव्हतं का. येत होतं. वेळ नव्हता. ४२ टेबलं होती. कुठे एक दशांश, कुठे चार, कुठे एक्सेलने शेवटचं शून्य खाल्लेलं, युनिट कुठे वर तर कुठे खाली. दिवसा कॉलेज, संध्याकाळी सासूबाईंचं डायलिसिस. सबमिशनला १९ दिवस उरले होते.

सीताबर्डीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्याचं पत्रक चिकटवलेलं होतं. एका टेबलचे १५० रुपये, म्हणजे ४२ चे ६,३००. ॲडव्हान्स ३,००० यूपीआयने दिले. मग ‘स्टॅटिस्टिकल चेकिंग’चे २,५००. मग ‘अर्जंट’चे १,८००. शेवटी टेबलं आली ती वर्डमध्ये चिकटवलेली चित्रं. एक आकडा बदलता येईना. ‘एडिटेबल फाइल’ हवी तर आणखी २,२००. तेही दिले. या पायऱ्या सगळ्यांना माहीत असतात, मलाही होत्या. पैसे गेले त्याचं दुःख एका बाजूला. मला जाळतं ते वेगळंच.

ॲडव्हान्स दिल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला होता. “मॅडम, स्टार कोणत्या ट्रीटमेंटले पाहिजे?”

मी उत्तर दिलं. “टी-३ ला. तीच आमची शिफारस आहे.”

तिथेच फोन ठेवायला हवा होता. टेबल नीट मांडणारा माणूस हा प्रश्न विचारूच शकत नाही. स्टार कुठे बसेल आणि कोणत्या सरासरीपुढे कोणतं अक्षर येईल, हे आकडे ठरवतात. त्याने फक्त विचारायचं असतं की सरासरीपुढे अक्षरं हवीत की फक्त खाली सी.डी., म्हणजे फरक खरा मानायला लागणारी किमान मर्यादा, द्यायची. मला वाटलं टी-३ ची ओळ ठळक अक्षरात हवी का, असं तो विचारतोय. देवाशपथ तेच वाटलं. पण ते वाक्य रात्री झोपताना कानात वाजतं.

चोरी पकडली आमच्या गाइड सरांनी, साध्या कॅल्क्युलेटरवर. उत्पादनाच्या टेबलात प्रतिझाड उत्पादन टी-३ मध्ये ६२.४ किलो, टी-५ मध्ये ५५.९. खाली एस.ई.(एम) २.४५, सी.डी. ५.१५. टी-३ पुढे ‘ए’, टी-५ पुढे ‘बी’, म्हणजे टी-३ खरोखर सरस. सरांनी ५.१५ ला २.४५ ने भागलं. २.१० आलं. म्हणाले, “हे २.९७ यायला पाहिजे होतं.”

का, ते नीट सांगते, कारण ही एकच तपासणी तुम्हाला माझ्यासारखं होण्यापासून वाचवेल. सात ट्रीटमेंट आणि चार रेप्लिकेशन म्हणजे एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम ६ गुणिले ३, म्हणजे १८. त्याला ५ टक्क्यांवर टी ची किंमत २.१०१. एस.ई.(एम) ही एका सरासरीची त्रुटी असते. सी.डी. मात्र दोन सरासरींमधल्या फरकासाठी असते, आणि फरकाची त्रुटी √२ पट मोठी. म्हणून सी.डी. म्हणजे २.१०१ गुणिले १.४१४ गुणिले एस.ई.(एम), म्हणजेच एस.ई.(एम) च्या २.९७ पट. तुमची ट्रीटमेंटची किंवा रेप्लिकेशनची संख्या वेगळी असेल तर हा गुणाकार वेगळा येईल, पण एका प्रयोगाच्या सगळ्या रकान्यांत तो एकच असायला हवा. माझ्या टेबलाला एरर मीन स्क्वेअर २४.० होतं. एक्सेलमध्ये बी-१२ या सेलमध्ये ते असेल तर:

```
=SQRT(B12/4)
=T.INV.2T(0.05,18)*SQRT(2*B12/4)
```

पहिल्याचं उत्तर २.४५, दुसऱ्याचं ७.२८. माझ्या मूळ फाइलमध्ये ७.२८ च होतं! त्याने √२ गाळून ५.१५ केलं. टी-३ आणि टी-५ मधला फरक ६.५ किलो. तो ७.२८ पेक्षा कमी आहे, म्हणजे दोघांना एक तरी अक्षर सामाईक हवं. ५.१५ पेक्षा मात्र जास्त आहे, म्हणून टी-३ एकटी वर गेली. आणि ही चूक ४२ टेबलांत सगळीकडे असती तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं. ती फक्त तीन रकान्यांत होती, जिथे टी-३ पहिली होती पण पुरेशी पुढे नव्हती. बाकी सगळीकडे २.९७ बरोबर. अडाणीपणा असा निवडून बसत नाही.

एक सावधगिरी. छोट्या आकड्यांत हा भागाकार तुम्हाला उगाच घाबरवेल. आम्लतेच्या रकान्यात माझी एस.ई.(एम) ०.०१७ आणि सी.डी. ०.०५. दोन दशांशांत छापलं की एस.ई.(एम) ०.०२ होते आणि भागाकार २.५ येतो. ती चोरी नाही, गोलाई आहे. म्हणून त्रुटीला सरासरीपेक्षा एक दशांश जास्त द्या. आणि ‘सगळीकडे सारखे दशांश’ याचा अर्थ एका रकान्यात सारखे, सगळ्या टेबलभर नाही. आम्लता ०.६८ आणि ०.७४ ला एका दशांशावर आणलं तर दोन्ही ०.७, आणि तुमचा दोन वर्षांचा फरक पुसला गेला.

युनिटचा घोटाळा तर बागवाल्या काकांच्या नजरेस आला. मी त्यांना कौतुकाने पान दाखवायला गेले होते. हेक्टरी उत्पादन १७.२८, वर लिहिलेलं क्विंटल. काका म्हणाले, “काहून ताई, माया बागेत इतकाच माल निघाला का?” ६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं, गुणिले ६२.४ किलो, म्हणजे १७.२८ टन. क्विंटल लिहायचं तर १७२.८. माझ्या फाइलमध्ये टन होतं. त्याने सगळीकडे एकच युनिट म्हणून मथळा बदलला आणि आकडा तसाच ठेवला. मथळ्याला हात लावला की आकड्याला लावावाच लागतो, एवढी साधी गोष्ट.

आणि परत आलेली एक्सेल फाइल! त्यात त्याने `Set precision as displayed` चालू करून ठेवलं होतं. एरवी सेलचं फॉरमॅट बदललं तर फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा शाबूत राहतो. हा पर्याय चालू केला की दिसतं तेवढंच आत उरतं, आणि नंतर बंद करून काही परत येत नाही. ०.०१७१६ असलेल्या सेलवर क्लिक केलं तर वरच्या पट्टीत ०.०२. ज्याला फाइल द्याल त्याला कॉपी द्या. मूळ फाइल माझ्या पेनड्राइव्हवर होती म्हणून आज हे हिशेब मांडता येताहेत.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दोन तास बसवलं. मग साहेब म्हणाले, “काम तर करून दिलं ना त्यानं? मग फसवणूक कायची?” मी ७.२८ आणि ५.१५ समजावू लागले तर म्हणाले, मॅडम, हे तुमच्या कॉलेजात सांगा. ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, आणि तो फिरून त्याच ठाण्यात आला, त्याच टेबलावर. बँकेत गेले. तिथली मुलगी म्हणाली, पिन तुम्हीच टाकला आहे, व्यवहार तुमच्या मर्जीने झाला. खरं आहे, मर्जीनेच झाला. मग मर्जीने दिलेल्या पैशात फसवणूक होतच नाही का? विद्यापीठाच्या कक्षात तर वेगळीच तऱ्हा. टेबलं बाहेरून करून घेतली हे लिहून द्या, मग बघू, म्हणाले. म्हणजे चोर मोकळा आणि लेखी कबुली माझी. पत्रक चिकटवणाऱ्या दुकानदाराने हात झटकले, “रोज पन्नास जण चिकटवून जातात, मॅडम.” चार दारं, नऊ फेऱ्या, आणि एकानेही कागद हातात घेऊन पाहिला नाही. एकानेही!

पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी ११ दिवस लाजत बसले, तोवर खात्यात काय राहणार. बिल मागा. माझ्याकडे बिल नाही, त्यामुळे ग्राहक तक्रारीतही मी लंगडी. नमुना म्हणून चित्र पाठवलं तर वर्डमधलं टेबल मागा, आणि त्यातला एक आकडा स्वतः बदलून पाहा. आणि काम परत आलं की सुंदर दिसतंय का हे नंतर बघा, आधी तळाच्या दोन ओळींचा भागाकार करा.

सरांनी मुदत वाढवून घेतली, दंड १,००० रुपये, तो ९,५०० मध्ये धरलेला नाही. टी-३ ची शिफारस मी बदलली. आता ती ‘टी-५ च्या तोडीची’ अशी लिहिली आहे, कारण आकडे तेवढंच म्हणतात. ४२ पैकी २६ टेबलं रोज रात्री दोन-दोन करून स्वतः झाली आहेत. परवा सीताबर्डीत गेले तर त्याच भिंतीवर नवं पत्रक होतं, भाव आता १८०. मी ते फाडून पर्समध्ये घातलं, फोन नंबरसकट. उद्या दहावी फेरी, पुन्हा ठाण्यात.