स्थानांतर कुंडली आणि ग्रहरेषांचा नकाशा: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी रत्नागिरीची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मागच्या वर्षी दुबईला जायचं की इथेच राहायचं असा विषय घरात सुरू झाला, तेव्हा वहिनीने (ती तिकडेच असते) एक अ‍ॅप सुचवलं, जन्मवेळ टाकली की जगाच्या नकाशावर ग्रहांच्या रेषा काढून देतं, कुठल्या शहरात तुमचं काय होईल ते सांगतं. वर्षाची फी भरली, वर प्रत्येक शहराचा वेगळा रिपोर्ट विकत. नऊ महिने मी ते अगदी मन लावून वापरलंय, थट्टा म्हणून नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे आहे काय ते सांगते कारण मला स्वतःला दोन महिने कळलं नव्हतं. तुमचा जन्म झाला त्या क्षणी प्रत्येक ग्रह पृथ्वीवर कुठेतरी उगवत असतो, कुठेतरी मावळत असतो, कुठेतरी आकाशात सगळ्यात उंच पोचलेला आणि कुठेतरी पायाखाली सगळ्यात खोल. ती ठिकाणं जोडली की एका ग्रहाच्या चार रेषा होतात, दहा ग्रहांच्या चाळीस. ही पद्धत अमेरिकेतल्या जिम लुईस नावाच्या ज्योतिषाने १९७०च्या दशकात लोकप्रिय केली. स्थानांतर कुंडली त्याचीच बहीण: जन्माचा क्षण तोच ठेवायचा, फक्त जागा बदलायची. ग्रहांच्या राशी आणि अंश हलत नाहीत, हलतं ते लग्न, दशम आणि स्थानं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. (लग्न म्हणजे पत्रिकेतलं, त्या क्षणी पूर्वेला उगवत असलेला राशीचा अंश, आईने सुरुवातीला दुसराच अर्थ घेतला होता आणि दोन दिवस खुशीत होती.)

आता माझी केस. जन्म १९९१चा, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला, पहाटे ५:३०. सिंहस्थाचं वर्ष, म्हणजे गुरू सिंहेत, साधारण १० अंशावर. माझं लग्न कन्या १ अंश २८ कला. म्हणजे गुरू बाराव्यात, व्ययात, खर्चाच्या स्थानात. घरच्या जोशीकाकांनी लहानपणापासून हेच सांगितलेलं, शिकेल पण पैसा टिकणार नाही, लांब जाईल. दुबईची स्थानांतर कुंडली काढली तर लग्न सिंह साडेपंधरा अंश, गुरू थेट लग्नात, आणि गुरूची उगवती रेषा दोहाच्या थोडी पश्चिमेकडून जाते. रिपोर्ट वाचून मी खरंच हरखले होते. संधी, मोठी माणसं मदत करतील, आत्मविश्वास, सगळं. व्ययातला गुरू लग्नी आला म्हणजे अजून काय पाहिजे हो!

पहिला गोंधळ इथेच झाला आणि बऱ्याच जणांचा होत असणार. एका फुकटच्या वेबसाइटवर ताळा करायला मी जन्मस्थळात दुबई टाकलं आणि वेळ तीच ५:३०. आलं कन्या लग्न, जवळपास ६ अंश. म्हटलं अ‍ॅप खोटं. पण दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे माझ्या जन्माच्या क्षणी तिकडे ४ वाजले होते, ५:३० टाकलं की मी दीड तास उशिरा जन्मल्यासारखं झालं. ४:०० टाकलं आणि सिंह लग्न जुळलं. ओळखायची खूण सोपी आहे, दोन्ही कुंडल्यांत चंद्राचे अंश बघा. चंद्र दीड तासात पाऊण अंशाच्या आसपास सरकतो. जागा बदलल्यावर चंद्र हलला असेल तर तुम्ही जागा नाही, वेळ बदललीय. आखातात माणूस असलेल्या आपल्याकडच्या प्रत्येक घराने हे बघावं, दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कोण नाही तिकडे.

मग मी आणखी दोन रिपोर्ट घेतले, मुंबईचा आणि पुण्याचा, कारण दुबई नाही जमलं तर तिथे बघू असा विचार. आणि इथे माझा भ्रमनिरास सुरू झाला. मुंबईत लग्न कन्या १ अंश ८ कला. पुण्यात २ अंश ३ कला. रत्नागिरीत १ अंश २८. बस एवढंच! तीन रिपोर्टमधला मजकूर जवळपास शब्दाला शब्द सारखा, शहराचं नाव फक्त बदललेलं, आणि पैसे तीनदा. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की "प्रत्येक शहराची ऊर्जा वेगळी असते". अहो पण तुमच्याच आकड्यात वेगळी नाहीये ना.

कारण शोधलं तर साधं निघालं. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. म्हणजे एक रेखांश पूर्व-पश्चिम सरकणं आणि जन्मवेळ चार मिनिटांनी सरकणं, दोन्हीचा लग्नावर परिणाम जवळपास सारखाच, अक्षांशाचा फरक थोडा वर-खाली. आता आपला किनारा बघा, उभाच्या उभा उत्तर-दक्षिण. रत्नागिरीचा रेखांश ७३.३०, मुंबईचा ७२.८८. एसटीने रात्रभर प्रवास करा नाहीतर कोकण रेल्वेने जा, पश्चिमेला तुम्ही जेमतेम ४५ किलोमीटर सरकलात, जन्मवेळेत मोजलं तर पावणेदोन मिनिटं. रत्नागिरी ते मालवण तर ४० सेकंदसुद्धा नाही. रेषांचा परिणाम शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात असतो असं हे लोक स्वतःच सांगतात, मग अलिबाग ते वेंगुर्ला एकाच पट्ट्यात आलं की. म्हणजे जी बदली कोकणातला माणूस सगळ्यात जास्त करतो, गावातून मुंबई, ती या शास्त्राच्या स्वतःच्या हिशोबात बदलीच नाही. आणि त्या एका प्रवासाने माणसाचं आयुष्य किती बदलतं ते आपल्या प्रत्येक घरात बघितलेलं आहे, चाळीतली खोली, गिरणी, मनीऑर्डर. माझे आजोबा तसेच गेलेले. नकाशावर त्याची काहीच खूण नाही, हे मला खूप लागलं.

पावणेदोन मिनिटं म्हटल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न आला की माझी ५:३० ही वेळ तरी किती पक्की. आईला विचारलं तर ती म्हणे पहिली एसटी सुटायच्या आधी झालीस, भातं पिवळी होत आली होती, बाबा शेतावरून आलेच नव्हते. आत्या म्हणते एसटी गेल्यावर. म्हणून मी ज्या दवाखान्यात जन्मले तिथे ओळखीने जुनं रजिस्टर बघितलं. निळ्या शाईतलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, बोट लावलं तर तुकडा पडेल असं पान. माझ्या पानावर आठ बाळं. वेळा अशा: ५:३०, ११:००, २:१५, ९:३०, ४:००, ६:४५, १२:३०, ७:००. आठच्या आठ पाव तासाच्या आकड्यावर. खरंच असं होईल का? बाळ बाहेर येतं, नाळ कापतात, आईला बघतात, मग कोणीतरी हात धुऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लिहितं. नर्सची यात काही चूक नाही, तिला जीव वाचवायचा होता, माझं लग्न काढायचं नव्हतं.

आता हा हिशोब बघा. माझी खरी वेळ ५:२३ असती, फक्त ७ मिनिटं आधी, तर रत्नागिरीतच माझं लग्न सिंह २९ अंश ४६ कला झालं असतं. गुरू लग्नी, विमानाचं तिकीट न काढता. जो बदल दुबईला जाऊन होणार म्हणून मी आनंदले होते तो सात मिनिटांच्या घड्याळात लपलेला होता. आणि दहा मिनिटांची चूक धरली तर ती दोहाजवळची रेषाच अडीच रेखांश सरकते, त्या अक्षांशावर अडीचशे किलोमीटर. अ‍ॅप मात्र रेषा अशी बारीक आणि ठळक काढतं की जणू गल्लीपर्यंत मोजलीय. निदान जन्मवेळ किती खात्रीची ते विचारून त्याप्रमाणे पट्टा रुंद दाखवायला हवा, हे न करणं मला तरी बरोबर वाटत नाही.

तरी मी दुबईला गेले, वहिनीकडे दोन महिने. खोटं बोलणार नाही, छान गेले, समुद्राकाठी फिरले, तीन ठिकाणी भेटून आले, माणसं चांगली बोलली. पण काम अडलं ते कागदांवर. तिथे लॅबमध्ये काम करायला डीएचए म्हणजे दुबईच्या आरोग्य प्राधिकरणाचं लायसन्स लागतं, त्याआधी डेटाफ्लो म्हणजे डिग्री आणि अनुभवाची पडताळणी, मग परीक्षा. माझ्या पहिल्या लॅबचं अनुभवपत्र लेटरहेडवर नव्हतं, तिथे गाडी थांबली. गुरू लग्नी असून थांबली. याला अ‍ॅपमध्ये उत्तर होतं, शनीची दृष्टी. म्हणजे झालं तर गुरू आणि नाही झालं तर शनी, असं असेल तर चुकणार कधी?

परत आल्यावर घरात एक छोटी चाचणी केली. आम्हा चौघांचे, मी, दादा, वहिनी, मामेभाऊ, आम्ही राहिलेल्या आणि न राहिलेल्या शहरांचे रिपोर्ट काढले (दूरदूरची शहरं घेतली, नाहीतर मजकूर सारखाच येतो), शहरांची नावं झाकली, आणि प्रत्येकाला सहा कागदांतून आपण प्रत्यक्ष राहिलेल्या शहराचा कागद ओळखायला सांगितलं. चौघांपैकी एकट्या मामेभावाला जमलं. चार माणसांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण मोठी चाचणी आपल्या पुण्यातच झालेली आहे, जयंत नारळीकरांनी अंनिसच्या मदतीने ज्योतिषांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका देऊन ओळखायला सांगितल्या होत्या, २००९ मध्ये निकाल छापून आला आणि तो नाणेफेकीपेक्षा बरा नव्हता. ती जन्मकुंडलीची होती, स्थानांतराची नाही, पण स्थानांतर कुंडली उभी त्याच पायावर आहे ना.

मग घ्यावं का? खगोलाचं गणित बरोबर आहे, मी दोन सॉफ्टवेअरवर ताडून बघितलं. फक्त प्लूटोच्या रेषा दोन ठिकाणी वेगळ्या आल्या, कारण प्लूटो क्रांतिवृत्तापासून बराच वरखाली जातो, तर एक जण ग्रह खरा उगवतो ती जागा धरतो आणि दुसरा त्याचा राशीतला अंश उगवतो ती. राशी मोजायची आपली निरयन पद्धत की पाश्चात्त्यांची सायन, याने रेषा बदलत नाहीत, तेव्हा "वैदिक रेषा" म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. आपल्या जन्मक्षणी कुठे गुरू उगवत होता हे बघायला मला अजूनही आवडतं. पण त्यावरून शहर ठरवायचं असेल, आणि तेही कोकणातून मुंबई-पुणे, तर एकही रिपोर्ट विकत घेऊ नका.

मी वर्गणी बंद केली. अनुभवपत्र लेटरहेडवर मिळालं गेल्या महिन्यात, पडताळणीला परत पाठवलंय. आणि कालच शेजारच्या काकू विचारत होत्या की मुलाची मालवणला बदली झालीय, त्या अ‍ॅपवर बघून सांग ना तिकडे त्याला कसं आहे. मी त्यांना रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो दाखवला आणि म्हटलं काकू, मालवण चाळीस सेकंदांवरसुद्धा नाही, त्यापेक्षा त्याला तिथे खोली कुठे मिळतेय आणि डब्याचं काय ते बघूया.