फोटोवर चष्मा ‘बसवून’ देणाऱ्याने ४,६०० रुपयांना गंडवलं

नाशिकमध्ये घरातल्या माणसाच्या फोटोवर चष्मा, नथ किंवा फेटा चढवून घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. माझे ४,६०० रुपये गेले. १,५०० ॲडव्हान्स, ८०० ‘करेक्शन’चे, २,३०० फ्रेमसकट प्रिंटचे.

वडिलांचं, म्हणजे दादांचं, वर्षश्राद्ध होतं. दादा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. मायनस पाचचा नंबर, जाड काळी फ्रेम, चष्म्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलंच नाही. आणि नीट फोटो एकच, भाचीच्या लग्नातला. त्यात काचा चकाकतात म्हणून फोटोग्राफरने नेमका चष्मा काढायला लावला होता.

मेन रोडजवळच्या एका बोळातल्या माणसाने मोबाईलवर नमुना दाखवला. डावीकडे एक आजोबा चष्म्याविना, उजवीकडे तेच आजोबा चष्म्यासह. चष्मा अगदी खरा दिसत होता. गालावर फ्रेमची सावली, नाकावर नीट टेकलेला, काडी केसांखालून कानामागे गेलेली. खरा दिसणारच, कारण तो खराच होता! चष्मा घातलेला फोटो मूळचा, आणि चष्मा पुसून याने ‘आधीचा’ फोटो तयार केला होता. हे मला नंतर घरी, त्याच्या स्टेटसवरचा तोच नमुना मोठा करून पाहिल्यावर कळलं. डावीकडच्या फोटोत एक भुवई मध्येच पुसट झाली होती, नाकाच्या दांड्यावर कातडीचा पोतच नव्हता, आणि गालावर फ्रेमची सावली तशीच राहिली होती. चष्मा नाही आणि सावली आहे! दुकानात तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता, पण नमुना बघताना कोणीही चष्म्याकडे बघतं. ‘आधीचा’ फोटो कोण तपासतं? तो नेमका त्यावरच धंदा करतो.

दुसरी गोष्ट आठवली की अजून संताप होतो. मी दादांचा खरा चष्मा पिशवीत घेऊन गेले होते. ‘त्याची गरज नाही ताई, आमच्याकडे सगळे मॉडेल आहेत,’ म्हणाला. ज्याला काम येतं तो खरा चष्मा मागून घेतो आणि चेहरा जितका वळलाय तितकाच चष्मा वळवून, प्रकाश ज्या बाजूने आलाय त्याच बाजूने घेऊन, त्याचा फोटो काढतो. पण याच्या बोलण्यात इतका आत्मविश्वास होता की शंका घ्यायला जागाच नव्हती.

मिळालं काय? दादांचा चेहरा थोडा उजवीकडे वळलेला, आणि चष्मा मात्र सरळ समोरून दिसणारा, दोन्ही काचा सारख्याच रुंद. वळलेल्या चेहऱ्यावर लांबची काच अरुंद दिसायला हवी. काडी कानापर्यंत पोचतच नाही, कानशिलावरच संपते. नाकावर सावलीचा पत्ता नाही, त्यामुळे चष्मा हवेत तरंगतो. फोटो थोडा धूसर आणि फ्रेमची कड मात्र ब्लेडने कापल्यासारखी. शिवाय मायनस नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात आणि कानशिलाची कड काचेच्या आत सरकते, चेहऱ्याची रेघ फ्रेमपाशी तुटते. इथे नुसती फ्रेम चिकटवलेली. आईने फोटो भिंतीला टेकवून उलटा ठेवला.

८०० रुपये घेऊन ‘करेक्शन’ म्हणून चष्मा थोडा खाली सरकवला. मी लेयरवाली मूळ फाईल मागितली, म्हणजे जिच्यात चेहरा आणि चष्मा वेगवेगळ्या थरांवर असतात ती, तर म्हणाला, सेव्ह नाही केली. पैसे देण्याआधीच सांगा की नमुन्याची लेयरवाली फाईल समोर उघडून दाखवा आणि चष्म्याचा लेयर बंद करा. खालून अखंड, स्वच्छ चेहरा निघाला तर काम खरं. थर नसलेल्या जेपीजी नमुन्यावर एक रुपया देऊ नका.

पोलीस ठाण्यात गेले. ‘काम तर करून दिलंय ना ताई? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे.’ नमुनाच खोटा होता, हे मी फोटो मोठा करून दाखवत होते, साहेब मोबाईलकडे बघायलाही तयार नाहीत. सायबरला पाठवलं. तिथे म्हणे, तुम्ही स्वतः दुकानात गेलात, मग हे ऑनलाईन कसं? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. म्हणजे दुकानात फसलं तर सायबर नाही, फोनवरून पैसे दिले तर बँक नाही, आणि हातात भिकार का होईना फोटो मिळाला तर पोलीस नाहीत! कर भरायचा तो कशासाठी? ४,६०० रुपये यांना किरकोळ वाटतात. आईच्या पेन्शनमधले आहेत ते.

बिल मागाच. मला त्याने कच्च्या चिठ्ठीवर गुंडाळलं, तरी यूपीआयच्या पावत्या आणि चॅट माझ्याकडे आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. त्यातून निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. नमुन्याचा स्क्रीनशॉट मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवा. मी तक्रार केल्याचं कळताच त्याने तो स्टेटसवरून उडवला.