व्हिम की ईमॅक्स: टोमणे ऐकून एडिटर निवडताना

टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, "कोड लिहायला एडिटर कुठला शिकू?" पुढची चाळीस मिनिटं तिला एक अक्षर बोलता आलं नाही. मी व्हिमवाला. माझ्या समोर बसणारा गडी ईमॅक्सवाला. आमचं भांडण इतकं जुनं आहे की आता आम्ही मुद्दे मांडत नाही, नुसते टोमणे मारतो. ती मात्र सगळं टिपून घेत होती. नंतर म्हणाली, "तुमच्या थट्टेतलं खरं किती आणि खोटं किती, तेवढं सांगा. निवडायचं माझं मी बघते."

हा आढावा तिच्यासाठी. मी व्हिमच्या बाजूचा आहे, हे गृहीत धरूनच वाचा.

प्रोग्रॅमिंगची भाषा आणि फोन यांच्यावरूनही आमची जुंपते, पण तिथे निवडणाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं. भाषा प्रोजेक्ट ठरवतो. जावावाल्यांना `AbstractSingletonProxyFactoryBean` या नावावरून कितीही चिडवा (हा स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमधला खराखुरा क्लास आहे), सोमवारी तुम्हालाही तोच कोड उघडायचा असतो. फोन बरेचदा घरचे आणि मित्र ठरवतात. एडिटर ही एकच गोष्ट अशी, की शेजारच्याला पत्ता न लागता बदलता येते. म्हणूनच बहुधा तिच्यावरून सगळ्यात जास्त बोललं जातं.

पहिला टोमणा सगळ्यांच्या ओळखीचा: व्हिममध्ये शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर 2012 मध्ये कोणीतरी हाच प्रश्न विचारला, आणि 2017 मध्ये त्या साइटने जाहीर केलं की त्या उत्तराने दहा लाख डेव्हलपरांची सुटका केली. ईमॅक्सवाले हा आकडा तोंडपाठ ठेवतात. पण जरा बघा, अडकतं कोण? बहुतेक वेळा ज्याने व्हिम निवडलेलाच नाही तो. `git commit` केलं, संदेश लिहायला समोर अचानक व्हिम उघडला, टाइप केलेलं उमटेना, कारण आपण नॉर्मल मोडमध्ये आहोत, जिथे प्रत्येक अक्षर ही आज्ञा असते, हे कोणी सांगितलेलंच नाही. `Esc`, मग `:q!` आणि एंटर, संपलं. ईमॅक्समधून बाहेर पडायला `C-x C-c`, म्हणजे कंट्रोल धरून आधी `x`, मग `c`; तेही पहिल्या दिवशी आपोआप सुचणारं नाहीच. तेव्हा निवड करताना या विनोदाला शून्य गुण. शिकायचं ठरवून बसलेल्या माणसाची ही अडचण दहा मिनिटांची आहे.

आमच्या बाजूचा लाडका टोमणा म्हणजे ईमॅक्स या नावाची फोड: 'आठ मेगाबाइट, आणि सतत स्वॅपिंग'. एकेकाळी आठ मेगाबाइट म्हणजे फार मोठी मेमरी होती, म्हणून हे झोंबायचं. आज नुसतं गप्पा मारायचं ॲप काही शे मेगाबाइट खातं, तेव्हा आठ मेगाबाइट ऐकून नवीन मुलगी गोंधळली. तिला वाटलं मी ईमॅक्सची स्तुती करतोय. हा टोमणा निवृत्त करायला हवा, पण आमच्या टोळीत ते सुचवायची हिंमत कोणात नाही.

बोटांवरचा टोमणा मात्र खरा आहे, आणि दोघांनाही लागतो. ईमॅक्सची परंपरा लिस्प भाषेसाठी बनवलेल्या ज्या मशीनच्या कीबोर्डांवर वाढली, त्यांवर कंट्रोल की स्पेसबारला अगदी खेटून होती, अंगठ्याखाली. साध्या कीबोर्डावर ती कोपऱ्यात गेली आणि सगळा भार करंगळीवर आला. 'ईमॅक्स करंगळी' हा शब्द थट्टेत वापरतात, पण दुखणं थट्टेतलं नाही. व्हिमचीही गोष्ट तीच. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉयने 1976 च्या सुमारास एडीएम-3ए टर्मिनलवर लिहिला. त्या टर्मिनलच्या `h j k l` या बटणांवरच बाण छापलेले होते आणि एस्केप की आजच्या टॅबच्या जागी होती. ती पुढे दूर कोपऱ्यात गेली, आणि आम्ही दर दहा सेकंदांनी तिथवर हात लांबवत बसलो. उपाय दोन्ही टोळ्यांचा एकच: `Caps Lock` चा बळी द्या. त्यांनी त्याचा कंट्रोल केला, आम्ही एस्केप. दोन्हीकडचे लोक एकमुखाने मान्य करतात अशी ही बहुधा एकमेव गोष्ट.

आता खरी तुलना. समजा चाळीस ओळींची एक जुनी सेटिंगची फाइल आहे:

```
host=alpha
port=8080
mode=test
```

आणि प्रत्येक ओळ अशी करायची आहे:

```
"host": "alpha",
```

दोन्ही एडिटरांत मॅक्रो आहे: एका ओळीवर करून दाखवायचं, बाकीच्या ओळींवर तेच पुन्हा चालवायचं. व्हिममध्ये रेकॉर्डिंग असं:

```
qa I"<Esc> f= s": "<Esc> A",<Esc> j q
```

इथल्या रिकाम्या जागा फक्त वाचायला सोपं जावं म्हणून आहेत, त्या टाइप करायच्या नाहीत; `": "` मधली जागा मात्र खरी. ओळीच्या सुरुवातीला अवतरण चिन्ह, पुढच्या `=` वर उडी, त्याच्या जागी `": "`, शेवटी `",`, आणि खालच्या ओळीवर. मग `39@a`, म्हणजे तेच आणखी 39 वेळा. ईमॅक्समध्ये `F3` दाबून सुरू, `C-a`, `"`, मग `C-s = RET` ने `=` शोधणं, `DEL` ने ते पुसून `": "` टाइप करणं, `C-e` करून `",`, `C-n`, आणि `F4`. पुढे `C-u 39 F4`. मेहनत जवळपास सारखीच.

फरक दिसतो तो फाइलमध्ये मध्येच `=` नसलेली टिपणाची ओळ आली की. व्हिमचं `f=` त्याच ओळीत शोधतं. सापडलं नाही की मॅक्रो तिथेच थांबतो आणि उरलेल्या फेऱ्याही रद्द होतात. टिपणाच्या सुरुवातीला एक उपरं अवतरण चिन्ह चिकटतं, खालच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा राहतात. राग येतो, पण चूक लपत नाही. ईमॅक्सचं `C-s` मात्र ओळ ओलांडून पुढचं `=` गाठतं. म्हणजे टिपणावर उपरं चिन्ह येतं आणि त्याखालची `mode=test` ही ओळ `mode": "test",` अशी होते, सुरुवातीच्या चिन्हाविना. त्यापुढच्या ओळी परत बिनचूक. फाइल वरवर चाळली तर सगळं झकास दिसतं. माझ्या समोरच्याने एकदा अशी फाइल पुढे ढकलली, आणि फाइल वाचणाऱ्या पार्सरने ओळ क्रमांक सांगितल्यावरही पाच मिनिटं तो पार्सरलाच शिव्या देत होता.

मी हे सांगितलं की तो उसळून म्हणतो, "अरे, पण तू तर अर्ध्यावरच थांबतोस!" हेही खरंच. व्हिममधला नीट मार्ग म्हणजे `=` असलेल्या ओळींवरच मॅक्रो चालवणं. आधी `u` ने मॅक्रोने केलेले बदल मागे घ्यायचे आणि मग:

```
:g/=/normal @a
```

नाहीतर आधीच बदललेल्या ओळींत `=` उरलेलं नसतं म्हणून त्या सुटतात, पण टिपणावरचं उपरं चिन्ह तसंच राहतं. ईमॅक्समध्येही रेजेक्सने, म्हणजे मजकुराचा नमुना देऊन, बदल करून हे सुरक्षितपणे होतं. मुद्दा असा की व्हिमच्या आज्ञा लहान आणि आखूड पल्ल्याच्या असतात: क्रियापद, मग कर्म. `ci"` म्हणजे अवतरणातलं बदल, `dap` म्हणजे परिच्छेद उडव. हे व्याकरण दोन आठवड्यांत हातात बसतं आणि मग बोटांतून जात नाही.

ईमॅक्सची ताकद वेगळीच आहे, आणि ती आमच्याच एका टोमण्यात दडलेली आहे: "ईमॅक्स ही उत्तम ऑपरेटिंग सिस्टिम आहे, फक्त एक चांगला एडिटर हवा होता." तिथे जवळजवळ प्रत्येक की म्हणजे एका लिस्प फंक्शनचं नाव. `C-h k` दाबून कुठलीही की दाबा, ती काय करते ते कळतं, तिथूनच तिचा कोड उघडतो, आणि चालू एडिटरमध्येच तो बदलताही येतो. गिटसाठी मॅगिट आणि टिपणं-कामांसाठी ऑर्ग मोड बघून मलाही हेवा वाटतो. (हे त्याला सांगू नका.) किंमत म्हणजे वेळ. ईमॅक्स लावून झाला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आमचं ठेवणीतलं अस्त्र: व्हीआय जवळपास प्रत्येक युनिक्स सर्व्हरवर असतो. असतो खरा, पण बरेचदा अगदी बेसिक, आणि तुमची सेटिंग तिथे नसते. ईमॅक्सवाला जागचा न हलता ट्रॅम्प ही दूरच्या मशीनवरची फाइल उघडायची ईमॅक्सची सोय वापरून `/ssh:user@host:/etc/hosts` उघडतो आणि स्वतःच्या सगळ्या सोयींसह काम करतो. तरी सर्व्हर बिघडलेला असताना, दुसऱ्याच्या टर्मिनलवर, शांत डोक्याने चार ओळी बदलता येणं ही व्हिमची बाजू मी सोडणार नाही.

व्हीएस कोडचं नाव काढलं की आम्ही दोघं एका बाजूला होतो आणि हसतो. पण तिच्यापुढे खोटं कशाला बोलू? उद्यापासून काम द्यायचं असेल तर तोच घ्यावा. वरच्या फाइलमध्ये एक `=` निवडून `Ctrl+Shift+L` दाबलं की सगळीकडे कर्सर येतात आणि बदल होताना डोळ्यांसमोर दिसतो. (एका ओळीत दोन `=` असतील तर दोन्ही बदलतात, तेवढं बघा.) शिवाय कोड समजून सूचना देणारा एलएसपी हा प्रोटोकॉल 2016 मध्ये त्याच घरातून आला आणि आज व्हिमचा नवा अवतार निओव्हिम आणि ईमॅक्स दोघेही तो वापरतात. 'तुमच्याकडे नीट ऑटोकम्प्लीट नाही' हा टोमणा त्यामुळे तिन्ही बाजूंनी बाद झाला.

तर तिला मी सांगितलं ते असं. रोज सर्व्हरवर जावं लागत असेल, किंवा मजकूर बदलणं हेच जास्त असेल, तर व्हिम, आणि सुरुवात `vimtutor` पासून. अर्ध्या तासाचं काम आहे. दिवसभर एकाच मशीनवर बसायचं असेल आणि हत्यार स्वतःच्या मापाने घडवायची हौस असेल, तर ईमॅक्स. दोन्ही नको असतील तर व्हीएस कोडमध्ये व्हिमच्या कीचं एक्स्टेन्शन टाकावं.

समोरच्याने लगेच ईमॅक्सचा संस्थापक रिचर्ड स्टॉलमनचा जुना विनोद काढला: रोमन आकड्यांत व्हीआय-व्हीआय-व्हीआय म्हणजे 6-6-6, सैतानाचा आकडा. तिने दोन आठवड्यांनी निकाल सांगितला: ईमॅक्स, पण आत एव्हिल मोड, म्हणजे सगळ्या की व्हिमच्या. आम्ही दोघांनीही तिला गद्दार ठरवलं. तिची फाइल मात्र पहिल्याच फटक्यात पार्सरमधून गेली.