बिजागरीचं दार की क्लॅम्पवरची स्थिर काच?
यवतमाळकडच्या आमच्या घरची न्हाणी जेमतेम 4 बाय 6 फुटांची. आधी तिथे बिजागरीवरचं काचेचं दार लावलं. 8 मिलिमीटर जाडीची, 2 बाय साडेसहा फुटांची काच 24 किलोच्या आसपास भरते आणि तो सगळा भार भिंतीतल्या दोन बिजागऱ्यांवर येतो. आमच्या टाइलमागे पोकळी राहिली होती. स्क्रू ढिले झाले, दार मोकळ्या बाजूने खाली बसलं, तळाची रबरी पट्टी फरशीवर घासून फाटली. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसून ती आधीच कडक झाली होती.

मग स्थिर काच घेतली. क्लॅम्प ती नुसती धरून ठेवतात. हलणारं काही नाही, म्हणून खालची फट सिलिकॉनने कायमची भरता येते. फक्त जागा पूर्ण कोरडी हवी आणि नंतर 24 तास पाणी नको. मोकळ्या बाजूने शिंतोडे उडतात, म्हणून शॉवर तिकडे तोंड करून नको.

गळती कुठली, हे ओळखायला शॉवर बंद ठेवून आत बादलीभर पाणी हळू ओता. तेवढ्यानेच बाहेर ओल आली तर फरशीचा उतार चुकलाय. पट्टी कितीही बदला, पाणी थांबणार नाही.