तोंडाची दुर्गंधी: मुळाशी तोंड की नाक-घसा?

इंदूरमध्ये आमच्या शेजारच्या काकू दोन वेळा दात घासूनही येणाऱ्या दुर्गंधीसाठी वर्षभर आम्लपित्ताच्या गोळ्या घेत होत्या. पोटावर संशय घेणे स्वाभाविक असले, तरी अन्ननलिका एरवी मिटलेली असल्यामुळे पोटातला वास श्वासात क्वचितच येतो. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर सोबत असतील, तरच तिकडे वळावे.

खरी तुलना तोंड आणि नाक-घसा यांत आहे, आणि ती घरीच करता येते. स्वतःचा वास स्वतःला नीट कळत नाही, म्हणून परीक्षा घरच्या माणसाने करावी. आधी नाक दाबून तोंडाने श्वास सोडावा, मग ओठ मिटून नाकाने. वास फक्त तोंडाच्या श्वासात असेल, तर कारण बहुधा जिभेच्या मागच्या भागावरचा थर किंवा हिरड्यांची सूज असते, कारण तिथले जंतू प्रथिनांपासून गंधकयुक्त वायू तयार करतात आणि ब्रश तिथे पोहोचत नाही. नाकाच्या श्वासातच वास असेल, तर सायनस तपासावे. घशाच्या बाबतीत मात्र ही परीक्षा फसते: टॉन्सिलच्या खळग्यांत साचणाऱ्या पांढऱ्या खड्यांचा वास तोंडातूनच येतो, म्हणून आरशात टॉन्सिलही पाहावेत.

काकूंच्या नाकाच्या श्वासाला वास नव्हता. दातांमधून फिरवलेल्या धाग्याला मात्र वास आणि रक्त दोन्ही होते. दंतवैद्यांनी हिरड्यांखालचे किटण काढले, आणि रोज जीभ घासण्याची जोड मिळाल्यावर दुर्गंधी ओसरली.