चंद्रपूरच्या उन्हाळ्यात केसांच्या रंगाचे डबे : पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेली सहा वर्षे मी घरीच केस रंगवते. दर पाच-सहा आठवड्यांनी मुळांशी पांढरे केस दिसू लागतात, म्हणून सवलतीत मिळाले की चार-पाच डबे एकदम घेऊन ठेवण्याची मला सवय आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे नित्याचे असल्यामुळे दोन शंका दर उन्हाळ्यात मनात येत. साठवलेला रंग उन्हाळ्यात खराब होतो का, आणि तापलेल्या गाडीतून आलेल्या पार्सलमधला रंग वापरण्याजोगा राहतो का? यंदा मी त्यांचा छडा लावायचे ठरवले.

फेब्रुवारीत मी गडद तपकिरी छटेचे, एकाच बॅच क्रमांकाचे चार डबे घेतले. दोन डबे मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटात तळाशी ठेवले. तिथे भर मे महिन्यातही तापमान ३६ अंशांच्या वर गेले नाही. उरलेले दोन डबे पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवले आणि शेजारी तापमापक ठेवला. दुपारी तो ५२ अंशांपर्यंत चढलेला मी स्वतः पाहिला. पाचवा डबा त्याच छटेचा, पण मेच्या मध्यावर ऑनलाइन मागवलेला. तो सहा दिवसांनी दुपारी तीन वाजता दारात आला, तेव्हा खोका हाताला चटका लागेल इतका तापलेला होता.

डब्यात मुख्यतः दोन वस्तू असतात, आणि उष्णतेचा परिणाम दोन्हींवर सारखा होत नाही. ट्यूबमधल्या क्रीममध्ये रंग तयार अवस्थेत नसतो. पीपीडीसारखी जवळजवळ रंगहीन द्रव्ये आणि अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेला दुसरा अल्कली पदार्थ असतो. बाटलीतल्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असते. माझ्या डब्यात ते ६ टक्के, म्हणजे पार्लरच्या भाषेत २० व्हॉल्यूम, होते. दोन्ही एकत्र केल्यावर पेरॉक्साइडमुळे ती रंगहीन द्रव्ये केसाच्या आत ऑक्सिडाइज होतात, एकमेकांशी जोडली जातात आणि तिथेच गडद रंग तयार होतो. पेरॉक्साइडचे हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होत असते. ही क्रिया रोखण्यासाठी डेव्हलपर आम्लधर्मी ठेवतात आणि त्यात स्थिर ठेवणारी द्रव्ये घालतात, तरीही तापमान दर दहा अंशांनी वाढले की विघटनाचा वेग साधारण दुपटीहून थोडा अधिक होतो.

प्रवासाच्या शंकेचे उत्तर याच हिशेबात सापडते. वेग दर दहा अंशांना २.२ पट धरला, तर ३० अंशांच्या तुलनेत ५० अंशांवर तो पावणेपाच पटींच्या आसपास जातो. पार्सल पाच दिवस अहोरात्र ५० अंशांत राहिले असे मानले, आणि प्रत्यक्षात रात्री ते निवतेच, तरी त्या पाच दिवसांची झीज साध्या खोलीतल्या तीन-साडेतीन आठवड्यांच्या झिजेइतकी होते. दुकानाच्या फळीवर डबा त्याहून कितीतरी जास्त काळ पडून असतो. माळ्यावर मात्र अशा दुपारी एकामागून एक चार महिने येत राहतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्यक्ष ताडून पाहिले. आईच्या कापलेल्या पांढऱ्या केसांच्या सारख्या जाडीच्या बटा दोऱ्याने बांधल्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी लावली. सोन्याच्या वजनकाट्यावर क्रीम आणि डेव्हलपर प्रत्येकी ५ ग्रॅम मोजून घेतले, ३५ मिनिटे ठेवले आणि साध्या पाण्याने धुतले. कपाटातल्या डब्याचा रंग टोकापर्यंत एकसारखा गडद तपकिरी आला. उन्हातून आलेल्या पार्सलची बट तिच्याशेजारी दिवसाच्या उजेडात धरली, तेव्हा मला आणि आईला दोघींनाही फरक सांगता आला नाही. माळ्यावरच्या डब्याची बट मात्र फिकट आणि तांबूस झाली होती, आणि तिच्यातले जाड पांढरे केस रंगाचा पातळ थर दिल्यासारखे पारदर्शक दिसत होते.

मग मी अदलाबदल केली, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी भाग हाच. माळ्यावरची ट्यूब कपाटातल्या डेव्हलपरबरोबर वापरली, तेव्हा रंग जवळजवळ पूर्ण उतरला. कपाटातली ट्यूब माळ्यावरच्या डेव्हलपरबरोबर वापरली, तेव्हा पुन्हा तोच फिकट तांबूसपणा आला. म्हणजे दोष बाटलीत होता. ट्यूबचे तोंड पातळ पत्र्याने बंद असते, आत हवा शिरत नाही, म्हणून ती उष्णता बरीच सहन करते. एकदा टोचल्यावर मात्र ती ठेवू नये. एका डब्यातली अर्धी ट्यूब मी घट्ट झाकण लावून तीन आठवडे ठेवली होती, तर तोंडापाशी क्रीम काळपट तपकिरी होऊन घट्ट झाले. मी एकाच कंपनीची एकच छटा तपासली आहे. केस उजळ करणाऱ्या छटांमध्ये नैसर्गिक रंग काढण्याचे कामही पेरॉक्साइडलाच करावे लागते, म्हणून तिथे कमजोर डेव्हलपर अधिक जाणवेल.

बिघाड डोळ्यांना आधीच दिसतो का? माळ्यावरच्या दोन बाटल्यांपैकी एकीचा तळ फुगून ती टेबलावर डुगडुगत होती, कारण सुटलेला ऑक्सिजन आत कोंडला होता. दुसरी बाटली दिसायला ठीक होती, पण तिच्यातले डेव्हलपर पाण्यासारखे पातळ झाले होते. म्हणून केवळ बाटली पाहून मी निर्णय घेत नाही. जुना डबा असला की आधी कंगव्यात निघालेल्या पांढऱ्या केसांवर थोडे मिश्रण लावून पाहते. पार्सल हाती आले की मात्र उष्णतेपेक्षा गळती तपासते. ट्यूबच्या मानेभोवती तपकिरी खपली दिसली, तर हवा आत गेली असे समजून डबा परत करते.

थंडीचा अनुभव माझ्या बहिणीचा आहे. ती मिनियापोलिसला राहते, आणि जानेवारीत तिचे पार्सल उणे वीसच्या थंडीत रात्रभर दाराबाहेर राहिले. थंडीत पेरॉक्साइडचे विघटन उलट मंदावते; मोडते ते क्रीमचे मिश्रण. पाणी गोठताना तेल आणि पाणी वेगळे होतात. तिने डबा न उघडता, हीटरपाशी न नेता, पूर्ण दिवस खोलीत ठेवला. ट्यूब पूर्ववत मऊ झाली, पण बाटली हलवल्यावरही डेव्हलपरमध्ये वर पाणी आणि खाली दाणेदार साका असे दोन थर राहिले. अशा मिश्रणात पेरॉक्साइड सगळीकडे सारखे नसते, त्यामुळे डोक्यावर रंग ठिपक्याठिपक्यांनी उतरण्याची भीती असते. तिने तो डबा वापरला नाही, आणि माझ्या मते योग्यच केले.

आता माझे सगळे डबे मधल्या खोलीतल्या कपाटात उभे ठेवलेले असतात, प्रत्येकावर खरेदीचा महिना लिहिलेला असतो, आणि चारऐवजी दोनच घेते. माळ्यावरची फुगलेली बाटली मी मोरीत नेली, हातमोजे घालून आणि तोंड बाजूला करून झाकण एकेक आटा सैल केले. बराच वेळ फुसफुसत हवा निघाली. मग उरलेले डेव्हलपर बादलीभर पाण्यात मिसळून ओतून दिले आणि रिकामी बाटली झाकण न लावता टाकली.